अंड्याचा फर्मा

पत्र्याच्या कामात दोन जाती असतात, आखणारा आणि बाकीचे. कापणारा, ठोकणारा, झाळणारा, रंग देणारा हे सगळे बाकीच्यांत मोडतात. पत्र्यावर रेघ जो मारतो तो मिस्त्री. त्याची रेघ चुकली तर इतरांनी कितीही घाम गाळला तरी तो पाण्यात जातो, आणि रेघ बरोबर आली तर इतरांना नुसतं रेघेमागून जायचं असतं. गिऱ्हाईकही दारात येऊन विचारतं ते "मिस्त्री आहेत का?" असंच. कात्रीवाला आहे का, असं कधी कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

या दुकानात मिस्त्री म्हणजे सासरे, आणि सूनबाई बाकीच्यांत. सूनबाई हे तिचं नाव नव्हे, पण सासऱ्यांनी हाक मारून मारून ते दुकानभर झालं, आणि मग पत्रे पोचवणारा टेम्पोवालासुद्धा "सूनबाई, सही करा" म्हणायला लागला. नवरा झाळकाम करायचा, म्हणजे पत्र्याचे सांधे बत्तीच्या आचेवर जोडायचा. त्याचा हात सोन्यासारखा होता, पण घरात दोन माणसांचं वाजलं की तो चेहऱ्यावर काळा चष्मा चढवायचा आणि बंद असलेली बत्तीसुद्धा उगाच पेटवून बसायचा.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा दुकानात तिला काही काम नव्हतं. एकदा सासऱ्यांच्या बोटाला कात्री लागली म्हणून तिने चार दिवस कापायला मदत केली, आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात पूर्णवेळ परतलीच नाही. तिचं कापणं साफ होतं. सासऱ्यांना ते दिसत होतं, आणि ते तोंडाने म्हणतही होते, "हात चांगला आहे पोरीचा." फक्त ती आखायला वाकली की ते घसा खाकरायचे. "तू काप. आखायचं मी बघतो."

पहिली काही वर्षं तिने ते ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडू दिलं. तिची मुलगी शाळेत वर्ग चढत चढत गेली, हिच्या हातातली कात्री मात्र तीच राहिली. शेवटी एक दिवस तिने संध्याकाळच्या ड्रॉइंगच्या वर्गात नाव घातलं आणि घरी येऊन सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "या वयात?" ती म्हणाली, "आई, ते वय नंतर कमी होणार आहे का?" 

वर्ग घेणाऱ्या ड्रॉइंगच्या बाई कडक होत्या. पहिल्या दिवशी फळ्यावर काही काढायच्या आधी त्यांनी प्रत्येकाच्या पुढ्यात धुण्याच्या साबणाची एक वडी आणि एक सुरी ठेवली. "सगळ्या बाजू सारख्या करून घन करा. मग एका कापात मला तीन बाजूंचा छेद द्या." सूनबाईने कोपरा उडवला, त्रिकोण मिळाला. "आता चार बाजूंचा." तळाला समांतर कापलं की चौरस, समोरासमोरच्या दोन कडांमधून तिरकं कापलं की लांबट आयत. "आता सहा."  चौकोनी ठोकळ्यातून षटकोन कसा निघणार? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, यात सहा कोपरे आहेतच कुठे?"

"कोपरे नका शोधू," बाई म्हणाल्या. "बाजू मोजा. घनाला सहा बाजू. सुरी ज्या बाजूतून जाईल तिथे एक रेघ पडेल. सहाही बाजूंतून गेली तर सहा रेघा. सातवी पडणार नाही, कारण सातवी बाजूच नाही."

सूनबाईने त्या दिवशी वर्गात तीन घन वाया घालवले आणि घरी आल्यावर न्हाणीघरातल्या सगळ्या वड्या. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या बरोबर मधोमध सुरी धरायची आणि सहा कडांचे मध्यबिंदू गाठायचे, हे तिला जमलं तेव्हा साबणाच्या पोटात सगळ्या बाजू सारख्या असलेला षटकोन निघाला. ती तो ओल्या हाताने घरभर दाखवत फिरली. पुढचा पंधरवडा घरात सगळ्यांनी त्रिकोणी, षटकोनी साबणांनी आंघोळ केली. सासूबाई म्हणाल्या, "बाकी शिक्षणाचं मला कळत नाही, पण टोचतं फार."

मग बाईंनी वर्गाला दंडगोल शिकवला. आडवा कापला की वर्तुळ, अक्षाला धरून उभा कापला की आयत, तिरका कापला की लंबवर्तुळ. यात सूनबाईला नवीन काही नव्हतं. तिने गोल पाइपांची कोपरं इतकी वर्षं कापली होती. तिरक्या तोंडाचे दोन तुकडे समोरासमोर जोडले की पाइप वळतो, आणि ते तिरकं तोंड दोन्हीकडून सारखंच लांबट असतं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. काकडी तिरकी चिरणाऱ्या कुठल्याही बाईला ते ठाऊक असतं, फक्त कुणी तिला त्याचं नाव विचारत नाही.

घोळ झाला शंकूवर. बाई म्हणाल्या, "शंकूच्या कडेला समांतर कापलं तर कमान निघेल, तिचं तोंड कधी मिटणार नाही. त्याहून उभं कापलं तर आणखी पसरट कमान. पण त्याहून कमी तिरकं, म्हणजे एका कडेतून शिरून दुसऱ्या कडेतून बाहेर पडेल असं कापलं, तर लंबवर्तुळ. पाइपासारखंच."

"पाइपासारखंच?" सूनबाईने विचारलं. "वरचं टोक निमुळतं नाही?"

"नाही."

"बाई, आमच्या दुकानात त्याचा फर्मा आहे. अंड्यासारखा."

"मग तो फर्मा चुकीचा आहे," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

तो फर्मा म्हणजे काय ते सांगायला हवं. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना पत्र्याचे फर्मे टांगलेले होते. ते पत्र्यावर ठेवून कडेने रेघ मारायची, कापायचं. त्यातला सगळ्यांत जुना फर्मा शंकूच्या धुराड्याच्या कॉलरचा. धुराडं खाली रुंद, वर निमुळतं, आणि ते उतरत्या छपरातून बाहेर पडतं. छप्पर आणि धुराडं जिथे भेटतात तिथे पाणी गळू नये म्हणून भोवती पत्र्याची कॉलर बसवतात. कॉलरीचं भोक कोणत्या आकाराचं कापायचं, तर शंकूचा तिरका छेद निघेल त्या आकाराचं. सासऱ्यांच्या फर्म्यात ते अंडं होतं. वरच्या बाजूला निमुळतं, खाली फुगीर.

आणि ती कॉलर कधीच नीट बसत नसे. वरच्या खांद्यांवर अडायची, तिथे घासावं लागायचं, मग खाली फट पडायची, आणि फटीत लांबी भरायची. लांबी म्हणजे रंगारी भेगा बुजवायला वापरतात तो लगदा. सासऱ्यांचा यावर एक लाडका विनोद होता. "लांबी चुकली की लांबी भरायची." तो त्यांनी इतक्या वेळा केला होता की हसायचं काम आता फक्त टेम्पोवालाच करायचा.

वर्गातून आल्यावर तिने सासऱ्यांपुढे विषय काढला. ते जेवत होते.

"बाबा, शंकू तिरका कापला तर अंडं नाही निघत. लंबवर्तुळ निघतं. दोन्ही टोकं सारखी."

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. "शंकू वर कसा असतो?"

"निमुळता."

"आणि खाली?"

"रुंद."

"मग निमुळत्या बाजूला कापलेलं निमुळतं निघेल की रुंद? तुझ्या बाईंना म्हणावं, एकदा छपरावर चढा."

नवऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि तो भरायला निघून गेला. तांब्या भरलेलाच होता.

खरं सांगायचं तर सूनबाईलाही ते पटलं नव्हतं. सासऱ्यांचं बोलणं शहाण्या माणसाचं होतं. बाईंनी नुसतं "नाही" म्हटलं होतं, का ते सांगितलं नव्हतं, आणि का ते कळल्याशिवाय हिच्या डोक्यात काही मुरायचं नाही. पण फट तर तिने स्वतः भरली होती, दरवेळी, स्वतःच्या बोटांनी. अंडं बरोबर असतं तर भरायला फट उरली असती का?

अशातच एक दिवस बेकरीवाले दुकानात आले.

बेकरीच्या भट्टीचं धुराडं सासऱ्यांनीच बांधलेलं होतं. कॉलरीतल्या लांबीला तडे गेले होते, पाऊस आला की काजळीचं पाणी आत ठिबकायचं, आणि ठिबकायचं ते थेट कणीक मळायच्या टेबलावर. बेकरीवाले शांत माणूस, पण त्या दिवशी शांत नव्हते. त्यांनी सोबत तांब्याचा जाड पत्रा आणला होता, एकच, त्या रुंदीचा दुसरा कुठे मिळत नव्हता. "मिस्त्री, यात कॉलर करा. धुराड्याला अंगासरशी बसली पाहिजे, थेट झाळून टाकायची. लांबीचा एक ठिपका मला नको. बसत नसेल तर आत्ताच सांगा, मी अख्खं धुराडं काढून दुसरीकडून करून घेतो."

सासरे भिंतीकडे वळले आणि त्यांनी अंड्याच्या फर्म्याला हात घातला.

"बाबा, हे मी आखते," सूनबाई म्हणाली.

दुकानात बत्ती फुरफुरत होती, ती नवऱ्याने यावेळी चक्क बंद केली. सासऱ्यांचा हात फर्म्यावरच होता. गिऱ्हाइकासमोर त्यांना असं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि बोलणारी सून होती. ते सावकाश म्हणाले, "आख. आधी पुठ्ठ्यावर आख. छपरावर नेऊन लाव. बसलं तर या दुकानातली आखणी तुझी. नाही बसलं तर तो वर्ग बंद, आणि पुन्हा रेघेचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. तोंडातून गेलेलं गेलं.

सासऱ्यांनी जुन्या मापांवरून दुकानाच्या फरशीवर धुराड्याची बाजू खडूने खऱ्या मापात काढून दिली. शंकूच्या दोन कडा, मधून अक्षाची ओळंब्यातली उभी रेघ, आणि या सगळ्यांना छेदून जाणारी छपराची तिरकी रेघ. सूनबाईने छपराची रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजली. पंचवीस इंच. ही झाली लंबवर्तुळाची लांबी. ओळंब्यापाशी शंकूची रुंदी मोजली, ती एकोणीस इंचांहून थोडी जास्त भरली. तिने कॉलरीच्या मापाचा पुठ्ठा घेतला, त्याचा बरोबर मध्य काढला, कारण कॉलर जिच्यावर टेकते ती छपरातली चौकट ओळंब्याभोवती मध्य धरून बसवलेली होती, आणि त्या मध्याच्या दोन्हीकडे साडेबारा साडेबारा इंच घेऊन, दोन खिळे आणि दोऱ्याचा फास लावून, सुंदर लंबवर्तुळ काढलं. पाइपाची कॉलर सासऱ्यांना असंच आखताना ती शंभरदा पाहत आली होती. रेघ इतकी गुळगुळीत होती की कापताना तिला वाईट वाटलं.

छपरावर सासरे, ती आणि नवरा असे तिघेही चढले. बेकरीवाले खाली मान वर करून उभे होते. धुराड्याची टोपी काढली, पुठ्ठा वरून सोडला. तो घसरत खाली आला आणि चौकटीवर टेकायच्या आधीच थांबला. उताराच्या खालच्या बाजूला धुराडं पुठ्ठ्याला अडवत होतं, आणि वरच्या बाजूला अख्खा हात जाईल एवढी फट.

सासरे हसले. तोंडभर, मनापासून, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काय म्हणत होतो? वर जास्त झालं, खाली कमी पडलं. म्हणजे खाली फुगीर पाहिजे, वर निमुळतं! अंडं, सूनबाई, अंडं!"

तिला त्या क्षणी धुराड्यात उडी घ्यावीशी वाटली. वरचं तोंड अरुंद होतं म्हणून बरं. नवरा हळूच म्हणाला, "अगं, जाऊ दे. बाबांच्या फर्म्याने करू, मी झाळताना फट भरून काढीन." तो प्रेमाने म्हणाला होता, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

"फट भरायची नाहीये," ती म्हणाली. "फट का पडते ते बघायचंय. बाबा, पुठ्ठ्यावर आखलंय, तांब्यावर नाही. मला उद्याचा दिवस द्या."

सासरे खुशीत होते, आणि खुशीतला माणूस उदार होतो. "घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तिने फळीवरचं एक नरसाळं उतरवलं. त्यांच्याच दुकानात बनलेलं, त्याच्याइतका साफ शंकू कुठे मिळणार? त्याची नळी बुजवली, तोंड वर करून रेतीत उभं केलं, घरातल्या सगळ्या मेणबत्त्या वितळवून आत ओतल्या. मेण आळायच्या आत सायकलचा एक स्पोक अगदी मधोमध, टोकापासून तोंडापर्यंत, उभा धरला. तो ओळंबा. मेण थंड झाल्यावर शंकू बाहेर काढला, स्पोक ओढून काढला. आता शंकूच्या पोटात अक्षाच्या जागी बारीक भोक होतं. मग छपराचा उतार लावून, करवतीचं पातं बत्तीवर गरम करून, एका दमात तिरका काप घेतला.

तिने छेद उजेडात धरला. लांबट आकार, पांढरा आणि गुळगुळीत. आणि स्पोकाचं भोक मध्यावर नव्हतं. ते सरळ सरळ वरच्या टोकाकडे सरकलेलं होतं.

ती बघतच राहिली. मग कागदावर तो छेद दाबून कडेने पेन्सिल फिरवली, कागद कापला, आणि आडवा दुमडला, वरचं टोक खालच्या टोकावर आणून. दोन्ही टोकं एकमेकांवर चपखल बसली. ना हे निमुळतं, ना ते फुगीर. अंडं नव्हतं. लंबवर्तुळच होतं. पण शंकूचा मध्य आणि लंबवर्तुळाचा मध्य हे दोन वेगळे मध्य होते, आणि काल तिने दोघांना एकच समजून एकाच खिळ्यावर टांगलं होतं. पाइपात ते खरोखरच एक असतात. शंकूत नसतात. पाइपाच्या सवयीने तिला फसवलं होतं.

ती फरशीवरच्या खडूच्या चित्राकडे धावली आणि यावेळी ओळंब्याच्या रेघेपासून दोन्हीकडे वेगवेगळं मोजलं. वर दहा इंच. खाली पंधरा. म्हणजे लंबवर्तुळाचा मध्य ओळंब्यापासून अडीच इंच खाली. काल वर फट कशी पडली आणि खाली का अडलं, त्याचा हिशेब तिथल्या तिथे लागला.

पण सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून तिच्याकडे नव्हतं. खाली शंकू जाड, मग छेद तिथे फुगत का नाही? ती खडू घेऊन गुडघ्यांवर बसली. छेदाच्या खालच्या टोकापासून पाच इंचांवर खूण केली, वरच्या टोकापासून पाच इंचांवर दुसरी. दोन्ही ठिकाणी शंकू आडवा कापला तर जे वर्तुळ येईल ते काढलं. खालचं वर्तुळ मोठं होतं, हे खरं. पण तिथे काप वर्तुळाच्या मध्यापासून दूर, कडेजवळून जात होता. वरचं वर्तुळ लहान, पण तिथे काप मध्याच्या जवळून जात होता. दोन्ही ठिकाणी वर्तुळाच्या आत मावणारी रुंदी मोजली. सारखी. केसाचाही फरक नाही. शंकू जाडीने जेवढं देत होता तेवढंच दूर सरकण्याने काढून घेत होता. असंच मधल्या जागी करून तिने खरी रुंदीही काढली, ती वीस इंचांना जराशी कमी आली. कालची तीही चुकलेलीच होती. तिचे गुडघे खडूने माखले होते, आणि ती स्वतःशी हसत होती.

सासरे दारात केव्हा येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही.

"काय गं, मेणबत्त्या सगळ्या गेल्या म्हणून आई ओरडतेय."

तिने मेणाचे दोन तुकडे आणि कागद त्यांच्या हातात दिले.  सासऱ्यांनी कागद दुमडला. उलगडला, उलटा केला, पुन्हा दुमडला. उजेडाकडे धरून कड कुठे बाहेर डोकावते का पाहिलं. मग मेणाच्या तुकड्यावर तो स्वतः ठेवून बघितला, न जाणो सुनेने कागदच सोयीचा कापला असेल. कागद बरोबर होता. मग त्यांचं बोट स्पोकाच्या भोकावर येऊन थांबलं.

"हे वर आहे," ते म्हणाले.

"हो."

"मी कायम इथूनच मोजत आलो. ओळंब्यापासून. वर आखूड यायचं, खाली लांब."

"माप तुमचं बरोबरच होतं, बाबा. दहा आणि पंधरा. मी तेच घेतलं नव्हतं, म्हणून काल आपटले. फक्त त्या मापाला तुम्ही अंडं जोडलंत."

सासरे स्टुलावर बसले. तो तुकडा हातात फिरवू लागले. माणसाने आयुष्यभर जे बरोबर मोजलं ते चुकीचं जोडलं, हे कळायला वेळ लागतोच, आणि ते कबूल करायला त्याहून जास्त. सूनबाईला त्यांचं वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद होणार असं तिला वाटलं होतं, तो झालाही, पण त्यात हे वाईट वाटणं मिसळलेलं होतं आणि ते वेगळं काढता येईना.

"पुठ्ठा काप," ते शेवटी म्हणाले. "छपराशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. मेणाचंही नाही."

नवा पुठ्ठा दुपारी चढला. धुराड्यावरून घसरत आला आणि चौकटीवर टेकला. सासऱ्यांनी भोवती बोट फिरवलं, कुठे फट लागली नाही, आणि ते उतरून खाली गेले.

मग तिने तांब्याच्या पत्र्यावर आखायच्या अणकुचीदार काट्याने रेघ ओढायला घेतली. पुठ्ठा चुकला तर दुसरा पुठ्ठा असतो, तांबं एकच होतं. तिने मध्य अडीच इंच खाली घेतला, तीनदा मोजला. रेघ पुरी झाली. तिने कात्रीला हात घातला, तर कात्री सासऱ्यांच्या हातात होती.

"कापते ना मी."

"बस तू. हात थरथरतोय तुझा. आखणाऱ्याचा थरथरला तरी चालतो, रेघ झाल्यावर. कापणाऱ्याचा चालत नाही."

ते वाकले. धुराड्याची कॉलर कापताना मिस्त्री नेहमी रेघेच्या आतून कापतात, नखभर माल राखून, चुकलं तर मागून घासून भोक वाढवता येतं म्हणून. नवऱ्याने बत्ती खाली ठेवली आणि पुढे झुकला. सासऱ्यांनी कात्री रेघेवर लावली. आत नाही, बाहेर नाही. रेघेवर. आणि तशीच शेवटपर्यंत फिरवत नेली. सूनबाईने ते पाहिलं, आणि तिला रडू आलं, ते तिने पदराच्या टोकाने नाक पुसल्याचं निमित्त करून आवरलं.

संध्याकाळी उजेड होता तोवर कॉलर छपरावर नेली. तांबं जड, उतार निसरडा. नवऱ्याने वरून सोडली, सूनबाईने एका बाजूने धरली, सासऱ्यांनी दुसऱ्या. धुराड्याच्या अंगावरून ती खरखरत खाली आली, आणि चौकटीवर टेकली तेव्हा सगळीकडून एकदमच टेकली. एकच आवाज आला. सासऱ्यांनी खिशातून कागदाचा चिटोरा काढला आणि तो धुराड्याच्या आणि तांब्याच्या मध्ये सरकवून बघायला लागले. खाली सरकला नाही. वर सरकला नाही. खांद्यांवर, जिथे त्यांची प्रत्येक कॉलर आजवर अडली होती, तिथे त्यांनी दोनदा बघितलं. नवरा बत्ती पेटवून वाट पाहत बसला होता.

खालून बेकरीवाल्यांनी हाक मारली, "काय मिस्त्री? बसलं का?"

 चिटोरा खिशात टाकून सासरे छपराच्या उताराला पाठ टेकून बसले आणि पाय पसरले. सूनबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, ते उत्तर देतील म्हणून.

"मिस्त्री! ऐकू येतंय का?"

सासऱ्यांनी तिच्याकडे मान वळवली. "दे की उत्तर," ते म्हणाले. "तुला विचारतायत."